वन्संनी न मागितलेलं विमान

परवा दुपारी वन्संचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, "थोडा ताप आहे, बाकी काही नाही." तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी "गोळी घ्या, पाणी प्या" म्हणून फोन ठेवला असता. पण वन्संच्या तोंडी "थोडा" हा शब्द मी चाळीस वर्षांत ऐकलेला नाही. थोडा म्हणजे किती, हे विचारण्यात त्यांचा जन्म गेला. दुधात साखर थोडी घाल म्हटलं तरी त्या "किती चमचे?" विचारणार. आणि आता स्वतः एका बेटावरच्या वीस खाटांच्या दवाखान्यात पडून मला म्हणतात, थोडा ताप आहे.

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. वय एकाहत्तर. लग्न केलं नाही. पंधरा वर्षं वॉर्डात नर्स होत्या आणि पुढची अठरा वर्षं असिस्टन्स कंपनीच्या मदतकक्षात. नर्सिंगच्या त्यांच्या बॅचला यंदा पन्नास वर्षं झाली, म्हणून आठजणी सहलीला गेल्या आहेत. परत आल्यावर एक लहानशी पुस्तिका काढायची आहे. प्रत्येकीच्या घरच्यांनी तिच्याविषयी दोन पानं लिहायची. वन्संची दोन पानं माझ्याकडे आली, कारण ह्यांना बहिणीविषयी लिहायला सांगितलं तर "ताई चांगली आहे" यापुढे गाडी जायची नाही. महिनाभर मी टाळलं. आज रिकामं बसवत नाही म्हणून वही काढली आहे. सकाळी सहाला तिथल्या वॉर्डात भेटायला सोडतात. तोवर मला कळण्यासारखं काही नाही.

मदतकक्ष म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. परदेशी निघताना आपण प्रवासाची पॉलिसी काढतो. तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक नंबर असतो. बहुतेकांना तो आजारी पडेपर्यंत दिसतच नाही. त्या नंबरावर फोन केला की जो उचलतो, तो मदतकक्ष. आमच्या वेळी ती एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची लांबोडकी खोली होती. भिंतीवर ओळीने सहा घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. त्यातलं एक कायम बारा मिनिटं मागे असायचं. ते दुरुस्त करायला वन्सं देत नसत. "त्याचं मागे असणं आपल्याला पाठ आहे. दुरुस्त केलं की आठ दिवस सगळ्यांचा घोळ होईल." खिडकीशी जगाचा मोठा नकाशा होता, त्यावर रंगीत टाचण्या. कुठे कुठलं हॉस्पिटल आहे, त्यापेक्षा तिथे काय *नाही*, हे त्या टाचण्या सांगायच्या. लाल टाचणी म्हणजे मेंदूचं ऑपरेशन होत नाही. निळी म्हणजे रक्तपेढी नाही. पिवळी म्हणजे धावपट्टी आहे, पण अंधार पडल्यावर विमान उतरत नाही. प्रत्येक टाचणी कुठल्या ना कुठल्या केसमधून शिकून वन्संनीच टोचलेली.

मीही त्या खोलीत चार वर्षं नोकरी केली. मुलगा आठवीत गेला, माझं पदवीचं कागदपत्र कपाटात पिवळं पडत होतं, तेव्हा वन्संनीच विचारलं, "फोन घेशील का? अर्धा दिवस." मला वाटलं, फोन उचलायला काय लागतं. पहिल्याच दिवशी मी एक नोंद लिहिली: "पेशंटला बराच ताप, थोडा दम लागतो, प्रकृती स्थिर." वन्संनी तो कागद माझ्यासमोर धरला.

"ही बातमी आहे की कविता?"

"म्हणजे?"

"बराच म्हणजे किती? थोडा म्हणजे किती? स्थिर म्हणजे काय, मेलेला माणूसही स्थिरच असतो. आकडे आण. ताप, नाडी, रक्तदाब, श्वास मिनिटाला किती, ऑक्सिजन किती लिटर. आणि माणूस स्वतःच्या पायांनी बाथरूमला जातो का, ते."

"बाथरूमचं कशाला?"

"डॉक्टर खोटं बोलेल, नातेवाईक खोटं बोलेल, बाथरूम खोटं बोलत नाही."

ऑफिसात त्यांना मागून "आकडेबाई" म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. आमचे डॉक्टर एकदा समोरच "आकडेबाई, जरा इकडे" म्हणून गेले, तर वन्सं शांतपणे म्हणाल्या, "या नावाने हाक मारायची तर पगारातही एखादा आकडा वाढवा." खोलीभर हसू फुटलं. डॉक्टरही हसले, पण पुन्हा त्यांनी ते नाव घेतलं नाही.

लोकांना वाटायचं, आमच्याकडे बटण आहे, दाबलं की विमान निघतं. एक गृहस्थ माझ्या अजून लक्षात आहेत. घोटा मुरगळला होता. सूज होती, हाड शाबूत. पण गृहस्थ हट्टाला पेटलेले. "पॉलिसीत एअर अँब्युलन्स लिहिली आहे. मी पैसे भरलेत. पाठवा." मी समजावून समजावून थकले. शेवटी वन्संनी माझ्या हातून रिसीव्हर घेतला.

"लिहिलं आहे ते बरोबर आहे, साहेब. त्याच पानावर खाली मृतदेह घरी आणण्याचंही लिहिलं आहे. तेही आजच पाठवू का?"

मग त्याच वन्संनी त्यांना जवळचा हाडांचा दवाखाना, कुबड्या कुठे मिळतील आणि परतीच्या विमानात पाय लांब करता येईल अशी जागा, असं सगळं पंधरा मिनिटांत करून दिलं. महिन्याभराने त्या गृहस्थांनी चॉकलेटचा डबा पाठवला. वन्संनी त्यातलं एकही खाल्लं नाही. पण डब्यात पुढे दहा वर्षं टाचण्या ठेवल्या.

आणि याच्या उलटही झालं. एका दुपारी एका बाईचा फोन आला. आवाज अगदी साधा, थोडा ओशाळलेला. नवरा समुद्रात खोल बुडी मारून वर आला होता आणि त्याच्या हाताला मुंग्या येत होत्या. "त्रास देते आहे, पण हॉटेलवाले म्हणाले विचारून घ्या." मी नोंद घेत होते. "मुंग्या" हा शब्द वन्संनी पलीकडच्या टेबलावर ऐकला आणि उठून आल्या. किती खोल गेले होते, वर किती वेळात आले, मुंग्या कधीपासून, पाय उचलता येतो का, लघवी झाली का. शेवटच्या प्रश्नाला ती बाई म्हणाली, "नाही हो, सकाळपासून होतच नाहीये." वन्संनी डॉक्टरांना हाक मारली. खोल पाण्यातून माणूस घाईने वर आला की रक्तात हवेचे बुडबुडे होतात. अशाला मोठ्या दाबाच्या बंद खोलीत ठेवावं लागतं, आणि त्या बेटावर तशी खोली नव्हती. तासाभरात विमान ठरलं. आतली हवा जमिनीइतक्याच दाबाची ठेवणारं विमान हवं होतं, कारण नेहमीच्या विमानात वर गेलं की बुडबुडे आणखी फुगतात. ती बाई म्हणाली, "मग त्यांना घरीच आणा ना." वन्सं म्हणाल्या, "घरी नाही. जिथे ती खोली आहे तिथे. घर नंतर."

त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं, ते मी पुढे कित्येकांना सांगितलं. विमान मागायचं ते तीन गोष्टी जुळल्या तरच. जे उपचार माणसाला लागणार ते तिथे होत नाहीत. थांबून चालणार नाही. आणि रस्त्याने किंवा नेहमीच्या विमानाने नेता येत नाही. शिवाय तिथल्या डॉक्टरने आणि आमच्या डॉक्टरने एकमेकांशी बोलून हो म्हणायला हवं, आणि समोरच्या हॉस्पिटलने खाट राखून ठेवायला हवी. स्वतःच कुणी विमान ठरवून आणलं तर पॉलिसी त्याचा खर्च देत नाही. "विमान म्हणजे औषध नाही," वन्सं म्हणायच्या. "विमान म्हणजे धोक्यात घातलेली खाट. त्यापेक्षा मोठा धोका खाली असेल तरच वर चढवायचं."

हे सगळं मला पाठ होतं. तरी माझ्या पोराच्या वेळी मी सगळं विसरले.

मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. कॉलेजची अभ्यास-सहल परदेशातल्या एका डोंगराळ गावी गेली होती. तिथे भाड्याच्या दुचाकीवरून तो उतारावर घसरला. डाव्या मांडीचं हाड मोडलं, दोन बरगड्या मोडल्या आणि एक बरगडी फुफ्फुसाला लागून ते आक्रसलं. मी मदतकक्षातली नोकरी सोडून दोन वर्षं झाली होती. फोन आला तेव्हा मी कपडे घड्या घालत होते. त्याचाच शर्ट हातात होता. तो मी संध्याकाळपर्यंत सोडला नाही, असं हे सांगतात.

वन्संनी केस लगेच उघडायला लावली. पण स्वतः हातात घेतली नाही. "घरची केस घरच्याने हाताळायची नाही, हा नियम मीच केला आहे." आमच्या डॉक्टरांनी तिथल्या सर्जनशी बोलून घेतलं. निर्णय आला: गावात ऑपरेशन थिएटर आहे, हाडांचा सर्जन आहे, अतिदक्षता विभाग आहे. छातीत नळी घातली आहे, मांडीत दोन दिवसांनी सळई घालतील. हलवायची गरज नाही.

गरज नाही! माझं पोर परक्या गावात, परक्या भाषेत विव्हळत पडलं आहे, आणि गरज नाही. मी ह्यांच्या मागे लागले, "तुमची बहीण तिथे बसली आहे ना? मग?" हे म्हणाले, "ताई म्हणते ते ऐकू या." मी म्हटलं, "तुम्ही ऐका."

मग मी जे केलं त्याची आठवण आली की आजही मान खाली जाते. कुणाकडून तरी एका दलालाचा नंबर मिळवला, जो खाजगी विमान ठरवून द्यायचा. मोठा गोड बोलणारा माणूस. "ताई, काळजी सोडा. उद्या दुपारी विमान धावपट्टीवर उभं असेल. हॉस्पिटलने सोडल्याचा कागद आणि प्रवास करू शकतो असा दाखला, एवढं दोनच घ्या." आजार काय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "पाय मोडला आहे." फुफ्फुसाचं सांगितलंच नाही. सांगितलं तर तो नाही म्हणेल, एवढं मला कळत होतं. म्हणजे बघा, माहीत होतं आणि तेच मी लपवलं. मग तिथल्या वॉर्डात फोन करून मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, आमच्या जबाबदारीवर सोडा, आम्ही सही करतो.

त्या वॉर्डातली नर्स माझ्यापेक्षा शहाणी निघाली. तिने मदतकक्षाला कळवलं.

दुपारी तीनच्या सुमाराला वन्सं घरी आल्या. ऑफिसच्या वेळात त्या कधी घरी आल्याचं मला आठवत नाही. चपला दाराशी नीट ठेवल्या, हात धुतले, आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसल्या. मी चहा टाकला होता, तो स्वतः गाळला.

"छातीत नळी आहे त्याच्या."

"माहीत आहे मला."

"नळी कशाला असते?"

मी साखरेचा डबा पुढे केला.

"फुफ्फुसाबाहेर हवा अडकली आहे. विमान वर गेलं की हवा फुगते. हे तुला कुणी शिकवलं होतं?"

"तुम्हीच."

"मग दलालाला काय सांगितलंस? पाय मोडला?"

"वन्सं, तो एकटा आहे तिथे!"

"एकटा नाही. सर्जन आहे, नर्स आहे, चांगली नर्स आहे, म्हणून तर मी इथे आले."

आणि मग मी ते बोलले. अजून शब्द न् शब्द आठवतो. "तुम्हाला नाही कळायचं. स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं."

हे दारात उभे होते. वन्संनी कप उचलला, बेसिनपाशी नेऊन विसळला, पालथा घातला. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "विमान त्याला नको आहे. तुला हवं आहे. मग तूच जा."

मला आधी कळलंच नाही.

"पॉलिसीत आहे. पेशंट सात दिवसांच्या वर ऍडमिट राहणार असेल तर घरच्या एका माणसाला जायचं-यायचं तिकीट मिळतं. सर्जनने आज तसं लिहून दिलं आहे. सकाळचं विमान हवं की दुपारचं, ते सांग. आणि त्या दलालाला फोन करून नाही म्हण, माझ्यासमोर."

मी त्यांच्यासमोर फोन केला. दुसऱ्या दिवशी साध्या विमानाने, खिडकीच्या जागेवर बसून गेले. मुलाच्या उशाशी पोचले तेव्हा तो पांढराफटक होता, पण मला बघून म्हणाला, "आई, तू आलीस म्हणजे माझं काही खरं नाही!" मी हसले आणि मग रडले. तिथे एकोणीस दिवस राहिले. नर्सने खुणेने मला त्याच्या फुफ्फुसाचा व्यायाम शिकवला. नळीतून श्वास आत ओढून तीन निळे गोळे वर उचलायचे. पहिल्या दिवशी एक उचलला, पाचव्या दिवशी तीन. मी रोज संध्याकाळी वन्संना आकडे कळवायचे. ताप, नाडी, गोळे. त्या फक्त "ठीक" म्हणायच्या. एकदा मात्र म्हणाल्या, "तीन? शाब्बास." ते त्याला होतं की मला, कोण जाणे.

फुफ्फुस पूर्ण फुललं, त्यानंतर आणखी दोन आठवडे थांबून दाखला मिळाला. नेहमीच्या विमानात, पाय लांब करता येईल अशा जागेवर, शेजारी एक नर्स देऊन त्याला घरी आणलं. विमानतळावर चाकांच्या खुर्चीसाठी वन्सं स्वतः उभ्या होत्या. मुलाने त्यांना मिठी मारली. मी सामान मोजत राहिले.

माफी मी कधी मागितली नाही. मागायला जावं तर त्या दुसरंच काही काढायच्या. पोरगा पाणी नीट पितो का, कुबड्यांचं रबर झिजलं का. पण त्यानंतरच्या वर्षांत आमचं काही तुटलं, असंही झालं नाही, हे मला सांगायचं आहे. रविवारी त्या जेवायला यायच्या. येताना वर्तमानपत्रातलं कोडं कापून आणायच्या, कारण आमच्याकडे दुसरं वर्तमानपत्र येतं आणि त्यातलं कोडं त्यांच्या मते बाळबोध असतं. ह्यांना दम लागू लागला तेव्हा जिन्याच्या किती पायऱ्या चढल्यावर लागतो ते मोजायला वन्संनी ह्यांना खाली-वर करायला लावलं, आणि बाविसाव्या पायरीवरून सरळ डॉक्टरकडे नेलं. ह्यांच्या हृदयाला जाळी बसली ती त्या बाविसाव्या पायरीमुळे. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी ऑफिसने नकाशा त्यांनाच देऊन टाकला, कारण नव्या ऑफिसात सगळं संगणकावर आलं होतं. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात तो पलंगावरच्या भिंतीवर आहे. टाचण्यांसकट. पाहुण्यांना वाटतं बाई जगभर फिरली आहे. बाई तोवर एकदाही परदेशी गेली नव्हती.

म्हणून ही सहल ठरली तेव्हा आम्ही सगळे किती खूश होतो! त्यांनी पॉलिसीच्या अर्जावर रक्तदाबाची गोळी, गुडघ्याचं दुखणं, मागच्या वर्षी सोनोग्राफीत दिसलेले पित्ताशयातले खडे, सगळं लिहिलं. एजंट म्हणाला, "आजी, खड्यांनी त्रास दिला नाही ना कधी? मग कशाला लिहिता, हप्ता वाढेल." वन्सं म्हणाल्या, "वाढू दे. लपवलेला खडा पोटात दुखतो आणि कागदावरही दुखतो." पॉलिसीचा फोटो काढून मला पाठवला. खाली लिहिलं, "मागची बाजूही बघ." मदतकक्षाचा नंबर मागच्या बाजूलाच असतो.

परवा फोनवर त्या म्हणाल्या की आदल्या रात्री जेवल्यावर पोटात दुखलं, थंडी वाजली, म्हणून बुटकीने दवाखान्यात आणलं. बुटकी म्हणजे त्यांची बॅचमधली जिवलग मैत्रीण, निवृत्त सुईण. सहलीत दोघी एका खोलीत आहेत. मी विचारलं, "मदतकक्षाला कळवलं का?"

"कशाला? सलाईन लावलं आहे, इंजेक्शनं चालू आहेत. थोडा ताप आहे, बाकी काही नाही. त्यांना कळवलं की चार फोन येतील, मग कुणीतरी विमानाचं विचारेल. मला विमान नको. ते ज्यांना लागतं त्यांच्यासाठी असतं."

"वन्सं, ताप किती?"

"आहे गं. उतरेल."

त्यानंतर काल दुपारपासून त्यांचा फोन बंद आहे. संध्याकाळी मी वॉर्डात फोन लावला. तिथल्या नर्सने एकच वाक्य सांगितलं, प्रकृती स्थिर आहे, आणि ठेवला. स्थिर! मी ह्यांना म्हटलं, मदतकक्षाला कळवू का. हे म्हणाले, "ताई स्वतः नर्स आहे. ती नको म्हणते आहे. तिला तरी तिच्या मनासारखं करू दे." मुलाला फोन केला. तो आता स्वतः दोन पोरींचा बाप आहे. तो हसून म्हणाला, "आई, तू पुन्हा सुरू झालीस? मागच्या वेळी माझ्या फुफ्फुसाचा फुगा करणार होतीस. आत्या बघेल काय ते." चेष्टाच होती, पण नेमकी तिथेच बसली. मागच्या वेळी मी चुकले होते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. या वेळीही ही माझी भीतीच बोलते आहे की खरंच काही आहे, हे मला सांगता येईना. म्हणून बुटकीला निरोप दिला: सकाळी सहाला आत सोडतील तेव्हा आकडे घेऊन कळवा. सगळे. बाथरूमचंही. ती म्हणाली, "कळलं. आकडेबाईची भावजय शोभतेस."

इथवर लिहिलं आणि बुटकीचा निरोप आला. तिथे सकाळ झाली आहे. जसाच्या तसा उतरवून काढते.

ताप सेल्सिअसमध्ये एकोणचाळीस पूर्णांक सहा, म्हणजे आपला एकशे तीनच्या वर. नाडी एकशे बावीस. रक्तदाब वरचा अठ्ठ्याऐंशी, तोही सलाईन चालू असताना. डोळे पिवळे. लघवी काल रात्रीपासून एकदाच, काळ्या चहासारखी. उठून बाथरूमला जात नाही, उठवत नाही. मला ओळखलं, पण वार विचारला तर नुसती हसली. डॉक्टर म्हणतात पित्ताची नळी खड्याने बंद झाली आहे, आत पू होतो आहे, औषधाने आवरत नाही. नळी दुर्बिणीतून मोकळी करावी लागते, ते साधन इथे नाही. मोठ्या गावी आहे. बोट उद्या दुपारी, नऊ तास लागतात.

मी दोनदा वाचलं. आई म्हणून नाही, नणंदेची लाडकी भावजय म्हणूनही नाही. टेबलाशी बसून फोन घेणारी म्हणून वाचलं. लागतं ते तिथे नाही. थांबून चालणार नाही, एवढं रक्तदाबच सांगतो. बोटीने नऊ तासांत, शेजारी डॉक्टर नसताना, काय होईल ते मला लिहायचं नाही. या वेळी माझी भीती आणि आकडे एकच सांगताहेत. आणि वन्संना आज वार आठवत नाही, म्हणजे परवाचं "नको" हे ज्या डोक्याने म्हटलं ते डोकं आता तापाच्या हातात आहे. ज्यांना लागतं त्यांच्यासाठी असतं, त्या म्हणाल्या होत्या. मग ते आज त्यांच्यासाठीच आहे. एवढं साधं त्यांना दुसऱ्या कुणाच्याही बाबतीत क्षणात कळलं असतं.

मी विमान मागणार नाही. मी केस उघडायला सांगणार आहे. पॉलिसीचा नंबर, वॉर्डाचा फोन, तिथल्या डॉक्टरांचं नाव आणि हे आकडे, एवढं दिलं की त्यांचा डॉक्टर तिथल्या डॉक्टरशी बोलेल. विमान, हेलिकॉप्टर की डॉक्टर बरोबर देऊन वेगवान बोट, ते तो ठरवेल. समोरच्या गावात खाट आहे का ते बघेल. त्यांना घरी आणतील अशी माझी अपेक्षा नाही. नळी जिथे मोकळी होते तिथे न्या, एवढंच.

ह्यांना उठवते आहे. मुलाला नंतर सांगेन. वन्सं रागावतील, माझ्यासाठी एवढा तमाशा कशाला केलास म्हणून तोंडसुख घेतील. घेऊ देत. रागावण्याइतकी शुद्ध राहिली तर मला तेवढं पुरे आहे.

वही बाजूला ठेवते. मदतकक्षाला फोन लावते आहे.